सीटीवर ‘आयएलडी’ आलं, पुढे काय वाचायचं?

“सीटीच्या रिपोर्टमध्ये आयएलडी लिहून आलं म्हणजे आयपीएफच. प्रकार कुठला ते सीटीवरून कळत नाही, बायोप्सीच करावी लागते. आणि कळून तरी काय, औषध एकच, स्टेरॉइड.”

हा मजकूर मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाची आई तेव्हा माझ्याच विभागात सीटीसाठी थांबली होती. मी मुंबईत रोज छातीचे सीटी वाचते, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

पहिलं वाक्य. आयएलडी हे एका आजाराचं नाव नाही. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमधल्या बारीक पडद्यांना सूज येते किंवा तिथे व्रण धरतो, अशा शंभराहून अधिक आजारांना मिळून दिलेलं ते आडनाव आहे. आयपीएफ हा त्यातला एक, ज्यात कारण सापडत नाही आणि व्रण वाढत जातो. भारतातल्या २७ केंद्रांमधल्या १०८४ आयएलडी रुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत आयपीएफ साधारण १४ टक्के होता आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या पक्ष्यांच्या, बुरशीच्या कणांमुळे होणारा आजार, ४७ टक्के. ही मोठ्या केंद्रांपर्यंत पोचलेल्यांची नोंद आहे, सगळ्या देशाची जनगणना नव्हे. पण आपल्याकडे ‘आयएलडी’ शब्द वाचून थेट आयपीएफ गृहीत धरायला आधार नाही, एवढं तिच्यावरून नक्की म्हणता येतं.

दुसऱ्या वाक्यावर जास्त बोलायला हवं, कारण माझं सगळं काम तिथेच आहे. सीटीत मी दोन गोष्टी बघते: व्रण दिसतो कसा, आणि तो बसलाय कुठे.

आयपीएफमागे असणाऱ्या व्रणाच्या ठेवणीला यूआयपी म्हणतात. ती फुप्फुसाच्या तळाशी आणि कडेला, अगदी आवरणाला चिकटून असते. तिथे मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, बहुतेक ३ ते १० मिलिमीटरची, जाड भिंतीची, एकमेकांना भिंत लावून बसलेली. शेजारच्या श्वासनलिका व्रणाने ओढल्या जाऊन रुंद झालेल्या असतात. निरोगी नळी कडेकडे जाताना बारीक होत दिसेनाशी होते, ही मात्र आवरणाच्या जवळपर्यंत उघडीच राहते. इथे फसायलाही होतं. विडी-सिगारेटवाल्यांच्या फुप्फुसात वरच्या भागात कडेने पातळ भिंतीच्या पिशव्यांची ओळ असते, ती पोळं समजली जाते. आणि जुन्या टीबीचा व्रण बहुधा वरच्या भागात, एका बाजूला जास्त असतो. त्यालाही रिपोर्टात ‘फायब्रोसिस’च म्हणतात, पण तो आयएलडी नव्हे.

एनएसआयपी नावाची दुसरी ठेवण दोन्ही बाजूंना सारखी, तळाशी, धुरकट काचेसारखी दिसते, आणि कधी कधी आवरणालगतची पातळ पट्टी स्वच्छ सोडलेली असते. ती पट्टी दिसली की मी पेशंटला विचारते: थंडीत बोटं पांढरी पडतात का, कातडी ताठ झाली आहे का, सांधे सकाळी आखडतात का? संधिवाताच्या कुळातले आजार अशा फुप्फुसामागे बरेचदा निघतात.

आता त्या मुलाच्या आईबद्दल. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ५६, राहणं लालबागला, दीड वर्ष कोरडा खोकला आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप. दुसरीकडे काढलेला सीटी सोबत होता. त्यातल्या चकत्या ५ मिलिमीटर जाड, फक्त श्वास रोखून काढलेल्या, आणि रिपोर्ट दोन ओळींचा: आयएलडी, बहुधा आयपीएफ. एवढ्या जाड चकतीत बारीक रेषा एकमेकींत मिसळून जातात. आम्ही १ मिलिमीटरच्या चकत्या घेतल्या, आणि तीन वेळा: पूर्ण श्वास भरून, पूर्ण श्वास सोडून, आणि पालथं झोपवून. पालथं का, तर उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग नुसत्या वजनाने दबून करडा दिसतो. पालथं केल्यावर तो मोकळा झाला, तर तिथे आजार नाही. त्यांच्या बाबतीत तो मोकळा झाला नाही.

व्रण होता, पण अगदी तळाचा भाग मानाने बरा आणि मधला भाग जास्त बिघडलेला. तो कडेला चिकटून नव्हता, नळ्यांच्या बाजूनेही पसरला होता. एकाच चकतीत तीन छटा शेजारी शेजारी होत्या: धुरकट भाग, नेहमीचा करडा भाग, आणि काळे ठिपके. श्वास सोडल्यावर निरोगी फुप्फुस करडं होतं. हे ठिपके काळेच राहिले, म्हणजे बारीक नळ्यांना सूज असल्याने तिथली हवा बाहेर पडत नव्हती. निरोगी माणसातही असे एक-दोन ठिपके सापडतात. इथे ते दोन्ही बाजूंना, अनेक भागांत होते. या तीन छटा आणि असा पसारा दिसला की हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा संशय ठाम होतो.

मी विचारलं, “मावशी, घरी कबुतरं आहेत का?” “छे हो, आम्ही कुठे पाळतोय!” मग मी प्रश्न बदलला: खिडकीबाहेर, एसीच्या मागे, डक्टमध्ये बसतात का? “बसतात ना. बाथरूमच्या खिडकीत तर घरटंच आहे. रोज सकाळी मीच खरवडून धुते.” मुंबईत हा प्रश्न असाच विचारावा लागतो. ‘पाळता का’ विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं.

बायोप्सीचं म्हणाल तर, वय आणि लक्षणं जुळत असतील, दुसरं कारण सापडत नसेल आणि सीटीत यूआयपी स्पष्ट असेल, तर बहुतेक वेळा बायोप्सीशिवायच आयपीएफचं निदान होतं. फुप्फुसाचा तुकडा काढायला भूल आणि शस्त्रक्रिया लागते, आणि ज्याचा श्वास आधीच कमी आहे त्याला ती झेपेलच असं नाही. मावशींची दुर्बिणीतून तपासणी झाली. फुप्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ३८ टक्के होत्या. ३० च्या वर आकडा गेला की कारण बहुधा आयपीएफ नसतं. छातीचे डॉक्टर, संधिवाताचे डॉक्टर आणि मी एकत्र बसून हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचं निदान पक्कं केलं. तुकडा काढावा लागला नाही.

सीटीलाही मर्यादा आहे. यूआयपी दिसली तरी मागे ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो, आणि कबुतरांमुळे होणारा हा आजार जुना झाला की शेवटी हुबेहूब यूआयपीसारखा दिसू शकतो. अशा वेळी माझ्या रिपोर्टात एक नाव येत नाही, दोन-तीन येतात, आणि ते तसंच लिहिणं योग्य असतं. मग कधी बायोप्सीची वेळ येते.

राहिलं शेवटचं वाक्य, आणि धोका त्यातच सर्वात मोठा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयपीएफच्या रुग्णांना प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र दिल्यावर, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू आणि रुग्णालयात भरती दोन्ही जास्त झाली, म्हणून तो गट वेळेआधी बंद करावा लागला. आयपीएफला पिरफेनिडोन किंवा निंटेडॅनिब देतात. ती व्रण पुसत नाहीत, त्याची वाढ मंदावतात. कबुतरांच्या आजारात मात्र आधी कारण तोडायचं, आणि सूज असेल तिथे स्टेरॉइडचा उपयोग होतो. व्रण तरीही वाढत राहिला तर निंटेडॅनिब तिथेही चालतं.

मावशींच्या घरच्यांनी घरटं काढलं, तेही मास्कशिवाय नाही आणि मावशींच्या हाताने तर नाहीच, जाळी बसवली आणि साफसफाई होईपर्यंत त्यांना मुलीकडे ठेवलं. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू करून हळूहळू उतरवलं. पाच महिन्यांनी काढलेल्या सीटीत धुरकट भाग बराच निवळला होता. ओढल्या गेलेल्या नळ्या जशाच्या तशा होत्या.