बर्नोली, दोन बैलगाड्या आणि एक खोचक प्रतिक्रिया

विमानाचा पंख वर का उचलला जातो यावर मी एक लेख लिहिला होता. बर्नोलीचं तत्त्व, म्हणजे हवेचा वेग वाढला की दाब कमी होतो हा नियम, थाप आहे असं त्याचं शीर्षक होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया अशी होती:

"बर्नोलीचं तत्त्व ही थाप आहे असं तुम्ही कोणत्या अधिकारात म्हणता? पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून लांब. वरच्या हवेला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापावं लागतं, वेग वाढतो, दाब कमी होतो. आम्ही हेच शिकलो. लेखात एकही आकडा नाही, आकृती नाही, आणि धानाच्या बांधीतल्या गप्पाच जास्त. मुलांना काहीबाही सांगण्याआधी नीट अभ्यास करावा ही विनंती."

भाऊ, 'विनंती' हा शब्द वाचून बरं वाटलं. बाकी वाक्यात विनंती कुठं सापडली नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करतो, म्हणजे माणूस अडेलतट्टू आहे असं वाटायला नको. लेखाचं शीर्षक चुकलं. थाप बर्नोलीची नव्हे, त्याच्या नावावर खपवलेली आहे. शीर्षक आज सकाळी बदललं. आकृती नाही कारण मला चित्र काढता येत नाही. आणि बांधीतल्या गप्पा राहणारच, मी गोंदिया जिल्ह्यात राहतो, बांधीतच असतो.

आता तुमचे ते दोन शब्द: 'तेवढ्याच वेळात'. हे कुणी ठरवलं? गावातून बाजाराला दोन गाड्या निघाल्या, एक तळ्याच्या पाळीवरून, एक खालच्या पांदणीनं. दोघी एकाच घटकेला बाजारात पोचल्याच पाहिजेत असा काही करार असतो का? पंखाच्या पुढच्या कडेला हवेचे दोन कण वेगळे झाले, तर मागच्या कडेला त्यांनी पुन्हा गळाभेट घ्यावी असं सांगणारा नियम भौतिकशास्त्रात नाही. बर्नोलीनंही तसं सांगितलेलं नाही. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी बोगद्यातल्या हवेत धुराचे तुटक झोत सोडून हे दाखवलं आणि २००३ साली त्यावर लिहिलं. वरचा धूर खालच्याच्या बराच आधी मागच्या कडेला पोचतो. म्हणजे वरची हवा जोरात जाते हे तुमचं खरं. फक्त तुमचा करार मानला तर निघतो त्यापेक्षा तिचा वेग कितीतरी जास्त असतो.

आकडे हवेत ना, घ्या आकडे. सेसना १७२ हे साधं चार आसनी विमान. उडताना जास्तीत जास्त वजन साधारण १११० किलो, पंखांचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. वजनाचे न्यूटन केले तर सुमारे १०,९००, त्याला क्षेत्रफळानं भागलं तर दर चौरस मीटरला सुमारे ६७० न्यूटन, म्हणजे पंखाच्या खाली आणि वर सरासरी ६७० पास्कलचा फरक लागतो. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर पास्कल, तेव्हा हा फरक एक टक्काही नाही.

आता तुमच्या पद्धतीनं करू. वेग सेकंदाला ६० मीटर. अशा पंखाची वरची वाट खालच्यापेक्षा दीड-दोन टक्के लांब असते. मी तुमच्या बाजूनं दोन धरतो. मग वरचा वेग ६१.२ मीटर. दोन्ही वेगांच्या वर्गांतला फरक १४५, त्याला हवेच्या घनतेच्या निम्म्यानं, म्हणजे ०.६ नं गुणा. आले ८७ पास्कल. साऱ्या पंखावर मिळून तुमचं सूत्र १४४ किलो उचलतं. जेमतेम दोन माणसं. विमान, इंजिन, पेट्रोल आणि मागच्या आसनावरची मंडळी बिरसीच्या धावपट्टीवरच बसून राहतात. सगळं वजन उचलायचं तर वरची वाट जवळपास साडेचौदा टक्के लांब हवी. तसा कुबड आलेला पंख कुणी पाहिला असेल तर कळवा.

अभ्यासाचं म्हणाल तर २८ वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. त्यातली पहिली अकरा वर्षं तुमचंच वाक्य फळ्यावर लिहिलं. संक्रांतीच्या आधी एका पोरानं विचारलं, "सर, पतंग तं एकाच कागदाचा. वर-खाली लांबी सारखीच. मंग थो कसा उडते?" मी म्हणालो, पतंगाचं वेगळं असतं, पुढं लिहा. पुढं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मीच ही शंका काढली, तर मला सांगण्यात आलं की पुस्तकाबाहेर जाऊ नका. तुमची प्रतिक्रिया वाचून त्या साहेबांचा आवाज कानात आला, म्हणून जरा तिखट लिहितो आहे.

मग वरचा दाब कमी का होतो? गोफण फिरवली असेल तर कळेल. दगड गोल फिरतो कारण दोरी त्याला आत ओढत असते. पंखावरून जाणारी हवा पंखाच्या वळणाबरोबर खाली वळते. तिला वळवायला दोरी नाही, तिथं फक्त दाबाचा फरक कामाला येतो: बाहेरून जास्त, आतून कमी. पंखापासून दूर वर गेलं की नेहमीचा वातावरणाचा दाब, म्हणजे पंखाला लागून त्याहून कमी. आणि समोरून येणारी हवा त्या कमी दाबाकडे ओढली जाते म्हणून जोर धरते. बर्नोलीचं समीकरण इथं अगदी बरोबर लागू पडतं. तुम्ही वेगाला कारण म्हणून जो करार पुढं केला, तेवढाच खोटा. पतंगाचं उत्तरही हेच, लांबी सारखी असली तरी तिरपा धरलेला कागद हवेला वळवतो.

दुसऱ्या वहीतूनही हिशेब जुळतो. पंखानं हवा खाली वळवली, तर हवेनं पंख वर ढकलला. सेसनाच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर. तेवढ्या व्यासाच्या गोलातली हवा विमान हाताळतं असं धरलं तर सेकंदाला जवळपास सात टन हवा होते. हे ढोबळ आहे, पंखाचा परिणाम त्या गोलाच्या काठाशी एकदम तुटत नाही. १०,९०० न्यूटन वजन पेलायला या सात टनांना सेकंदाला साधारण १.६ मीटर वेगानं खाली धाडावं लागतं. धान उधवताना पंख्याचा वारा लागतो त्याहून मंद, पण मामला सात टनांचा. आणि हो, 'अर्धी उचल दाबाची, अर्धी धक्क्याची' असंही कुणी सांगतं, तेही चूक. एकाच व्यवहाराची जमा एका वहीत, खर्च दुसऱ्या वहीत. दोन्हींची बेरीज करायची नसते.

तोंडासमोर कागदाची पट्टी धरून वरून फुंकली की ती उचलते, हा तुमच्या बाजूचा आवडता प्रयोग. आता तीच पट्टी सरळ खाली लोंबू द्या आणि एकाच बाजूनं, कागदाला समांतर फुंका. हवा तेवढीच जोरात, पण पट्टी फुंकेकडे ओढली जात नाही. पहिल्या वेळी कागद वाकलेला होता, झोत त्याच्याबरोबर वळत होता. दुसऱ्या वेळी वळण नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, जुनी वही फाडा आणि बघा.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देत बसत नाही, रोवणीचे दिवस आहेत. फक्त एवढं तुमच्या सूत्रातून काढून दाखवा: पंख वाऱ्याला साधारण पंधरा-सोळा अंशांहून जास्त तिरपा झाला की हवा वरच्या बाजूला चिकटून वळत नाही, सुटते, आणि उचल एकदम ढासळते. वैमानिक त्याला स्टॉल म्हणतात. पंखाची वरची लांबी त्या क्षणी एक इंचानंही बदललेली नसते. मग उचल गेली कुठं?