परिमिती सारखी, मग क्षेत्रफळ का वेगळं?

“दोरी तेवढीच असेल तर आतली जागाही तेवढीच, आकार कसाही करा.”

नाही. १२ मीटर दोरीचा ५ × १ आयत केला तर ५ चौरस मीटर मिळतात, ३ × ३ चौरसात ९ आणि वर्तुळात सुमारे ११.४६.

वर्तुळच का, याचं गणितज्ञ याकोब श्टायनरनं दिलेलं कारण फार सुंदर आहे. आकाराला खाच असेल तर ती बाहेर उलटवा. दोरी तीच, जागा वाढते. आता दोरीचे दोन समान भाग करणारे क, ख बिंदू घ्या. ज्या अर्ध्यात जागा जास्त, त्याचं प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला ठेवलं तर जागा घटत नाही. एका अर्ध्याच्या कडेवर कुठलाही बिंदू प घ्या. क-प आणि प-ख या रेषांच्या बाहेरचे तुकडे पुठ्ठ्याचे समजा आणि प-पाशी बिजागरी. ती उघडली-मिटली तरी दोरी आणि तुकडे बदलत नाहीत, बदलतो फक्त मधला त्रिकोण. तो सर्वांत मोठा होतो कोन ९०° असताना. म्हणजे प कुठेही घेतला तरी काटकोन हवा, आणि हे फक्त अर्धवर्तुळातच घडतं.

एक उणीव मात्र राहते: यातून वर्तुळ सोडून प्रत्येक आकार सुधारता येतो एवढंच कळतं. सर्वांत मोठा आकार मुळात असतो, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. ते पुढे गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रासनं केलं.