21,000 की 15,000: बेळगावच्या पोरांना दिल्या जाणाऱ्या एका सल्ल्याला उत्तर

‘दोन नोकऱ्या समोर असतील तर डोळे झाकून जास्त पगाराची घ्या. पुढचा पगार आधीच्या पगारावरच ठरतो. आणि कौशल्य काय, रविवारी कोर्स करूनही शिकता येते.’

हा संदेश माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याचा निर्णय डळमळू लागला, म्हणून लिहितो. तो मेकॅनिकल डिप्लोमाधारक आहे. उद्यमबागेत सीएनसी ऑपरेटर म्हणून त्याला महिना 21,000 मिळतील. मच्छेतील एका टूलरूममध्ये, नव्या जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या हाताखाली, 15,000.

सर्वांत घातक आहे तो रविवारच्या कोर्सचा मुद्दा. कोर्समध्ये प्रोग्राम लिहायला शिकता येईल, हे मान्य. पण पातळ भिंतीचा बुश, म्हणजे नळीसारखा भाग, तीन जॉच्या चकमध्ये जास्त प्रेशरने पकडला, तर त्याचा बोअर, म्हणजे आतले भोक, मशीनवर गोल होतो आणि चक सोडताच किंचित तिकोनी होतो. दोन बिंदूंवर मोजणाऱ्या बोअर गेजमध्ये तो दोष बहुधा दिसतही नाही. जोडणीच्या वेळी माल परत येतो, तेव्हा कळते. अशा वेळी प्रेशर किती कमी करायचे, बुशला सगळीकडून वेढणारे सॉफ्ट जॉ कसे बोअर करायचे, हे माल बिघडताना सेटरच्या शेजारी उभे राहिल्यानेच समजते. ऑपरेटरच्या वाट्याला जॉब चढवणे, बटण दाबणे आणि गेज लावणे येते. प्रोग्राम बदलण्याची किल्ली सुपरवायझरच्या खिशात असते.

पुढचा पगार आधीच्या पगारावर ठरतो, हे अर्धे खरे आहे. त्याच कामासाठी दुसरीकडे गेल्यास जुनी पगारपावती मागतात. परंतु सेटर म्हणून जाणाऱ्याला आधी मशीनवर उभे करून जॉब सेट करायला लावतात. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये हेच मांडले: जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते, त्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून तो खर्च शिकणारा कमी पगाराच्या रूपाने देतो. भाच्याचा हा खर्च महिना 6,000, म्हणजे दोन वर्षांत 1,44,000. त्यानंतर सेटर म्हणून ऑपरेटरपेक्षा महिना 8,000 जास्त मिळाले, तर तो 18 महिन्यांत भरून निघेल. 3,000च मिळाले, तर चार वर्षे लागतील.

घरावर कर्जाचा हप्ता असेल आणि 15,000मध्ये तो भागत नसेल, तर 21,000च घ्यावेत. त्यात वाद नाही. ‘शिकायला मिळेल’ एवढ्या तोंडी शब्दावरही पगार सोडू नये. मुलाखतीतच विचारावे: पहिला जॉब स्वतः सेट करायला केव्हा मिळेल, टूल ऑफसेट कोण भरतो, मागच्या वर्षीचा शिकाऊ आज कोणते काम करतो? तो अजूनही जॉबच चढवत असेल, तर टूलरूमचे ते 15,000 शिकण्याचे नाहीत, नुसतेच कमी पगाराचे आहेत.