पाच मिनिटं दार लावलं तर काय बिघडतं?

आज दुपारी परत तेच झालं. क्लासवरून एक वाजता आले, अंगाला ड्रेस चिकटलेला, डोकं तापलेलं. खोलीत जाऊन कडी लावली. दीड मिनिटही झालं नसेल, बाहेरून दणादण हात. "ताईनं दार लावलंय! मम्मी, ताईनं दार लावलंय, गरम होऊ लागलं!" लगेच स्वयंपाकघरातून मम्मी, "काय करायलीस गं आत? उघड आधी." मी अर्धा ड्रेस अंगावर, अर्धा हातात घेऊन उभी. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मी १७ ची, बारावीला. भाऊ १४ चा, आता दहावीत जाईल. परभणीत आमची दोघांची मिळून एक खोली, १० बाय ११ फुटांची. तिच्यात सहा बाय तीनचे दोन दिवाण, एक लोखंडी कपाट आणि एक टेबल. उरलेल्या जागेत दोघं एकदम उभे राहिलो की एकाला दिवाणावर चढावं लागतं. पूर्वेच्या भिंतीला मधोमध खिडकी, तिच्यात कूलर. समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात दार. ते माझ्या दिवाणाच्या पायथ्याशी. प्लगचा बोर्ड एकच, तो भावाच्या उशाशी.

भांडण कशावरून होतं असं विचारलं की घरातले सांगतात, "चार्जरवरून", "पांघरुणावरून", "लाईटवरून". ते होतंच. मी रात्री साडेबारापर्यंत बायोलॉजी वाचते, त्याला अंधार पाहिजे. पहाटे त्याचा अलार्म चारदा वाजतो आणि उठते मी. पण चार्जरचं भांडण तासाभरात मिटतं. न मिटणारं भांडण दाराचं आहे, आणि दाराचं भांडण या कूलरपायी आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. कूलरशिवाय दुपार काढता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण कूलर म्हणजे एसी नव्हे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते आणि गार झोत येतो. तो झोत आत आला की खोलीतल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. वाट बंद केली तर ओल खोलीतच कोंडते. मी बघितलंय ना. परीक्षेच्या दिवसांत एकदा दार लावून बसले, तर पाऊण तासात चादर दमट, वहीची पानं मऊ पडली, मानेवरचा घाम वाळेना. पंखा जोरात फिरतोय, पण गारवा नाही, नुसतं चिकचिक. म्हणजे दार उघडं पाहिजे हे खरं आहे. मी ते नाकारतच नाही.

पण पाऊण तास आणि पाच मिनिटं यांत काही फरक आहे की नाही? कपडे बदलायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांत खोलीची भट्टी होत नाही. न्हाणीत जाऊन बदल म्हणतात. न्हाणीत खाली ओलं, खुंटी एकच, घरात माणसं पाच, आणि दुपारी तिथं धुण्याची बादली भिजत घातलेली असते. सलवार घालताना एक पाय वर धरून उभं राहायचं नि तिचं टोक पाण्यात बुडवायचं. का? मला खोली आहे ना? ती माझीही आहे ना?

आणि हा कूलर भरतं कोण, तेही सांगते. टाकी ४० लिटरची. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भरावी लागते, एका वेळी तीन बादल्या. नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून पाणी बाहेरच्या हौदातून काढून आणायचं. सहा बादल्या रोज. त्यातल्या पाच मी आणते. सहावी भाऊ आणतो, तीही अर्धी सांडत. आणि झोत थेट जातो त्याच्या दिवाणावर, कारण "त्याला उकाडा सहन होत नाही". मला होतो का?

एप्रिलमध्ये मामा आले होते. त्यांनी एक उपाय काढला, कपाट मध्ये आडवं लावा म्हणजे दोन खोल्या होतील. लावलं. कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. खिडकी भावाच्या बाजूला राहिली, दार माझ्या बाजूला. झोत कपाटाच्या पाठीवर आपटून परत त्याच्याकडेच. माझ्या अर्ध्यात वारं नाही आणि त्याला बाहेर जायचं तर माझ्या दिवाणाला घासूनच जावं लागे. मला खोलीचा अर्धा भाग मिळाला नाही, बोळ मिळाला. तीन दिवसांत कपाट परत भिंतीला लागलं.

मग मी स्वतः डोकं चालवलं. हवा खिडकीतून दाराकडे जाते, मग तिला आडवं काही लावायचंच नाही. पडदा तिच्या दिशेनंच लावायचा, उभा. दोन खिळे ठोकले, नायलॉनची दोरी ताणली आणि मम्मीची जुनी सुती साडी दुहेरी करून टाकली. पहिल्या दिवशी फसलं, कारण दार माझ्या बाजूला असल्यानं सगळी हवा माझ्याकडूनच निघून जायची आणि भावाकडची हवा कोंडायची. त्यानं आरडाओरडा केला, आणि तेव्हा तो बरोबर होता. मग मी साडी आखूड केली. माझ्या दिवाणाच्या उशापासून सहा फूटच लावली, खाली जमिनीपासून वीतभर जागा सोडली आणि दाराकडचे साडेचार-पाच फूट मोकळे ठेवले. त्याच्याकडून हवा वळून दाराला जाऊ लागली. दोन्हीकडे गारवा. दार सताड उघडं, तरी भावाच्या बाजूनं मी पडद्याआड. कपडे बदलले, वाचले, निवांत पाठ टेकली. कुणी कुणावर ओरडलं नाही. चार दिवस. फक्त चार दिवस.

पाचव्या दिवशी गावाकडून आजी आल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, "घरात काय पडदे टांगायलेत? दवाखाना हाय का? बहीण-भावात कसला आलाय पडदा?" मम्मीनं तेवढ्यात साडी ओढून काढली, घडी घातली. खिळे अजून भिंतीत आहेत. रोज डोळ्यांसमोर दिसतात.

बहीण-भावात कसला पडदा. हे वाक्य मला आता ऐकवत नाही. भाऊ आहे म्हणून काय मला अंग नाही? मला पाळी येत नाही? कपाटाचा खालचा एक कप्पा माझा. त्याला कुलूप नाही, वर लॉकर आहे पण त्यात मम्मीचे दागिने आणि घराचे कागद. माझी पॅडची पाकिटं मी टॉवेलच्या मागं ठेवते. मागच्या महिन्यात याला क्रिकेट खेळून आल्यावर टॉवेल पाहिजे होता. स्वतःचा सापडेना म्हणून माझ्या कप्प्यातला ओढला. पाकीट धपकन खाली पडलं, उघडं होतं, दोन पॅड बाहेर आले. दारात त्याचा मित्र उभा. आणि हा ते हातात धरून विचारतो, "ताई, हे काय हाय?"

मी त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि त्याला ढकललं. जोरात ढकललं, कबूल आहे. तो दिवाणाच्या कडेवर आपटला. त्यावर घरात बोलणी खाल्ली, ती मीच. "लहान आहे तो. त्याला काय कळतंय." अहो, १४ वर्षांचा आहे. त्याला कळत नाही कारण त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते सांगायचं काम माझं होतं का? मित्रासमोर, पाकीट हातात असताना? आणि दुसऱ्याच्या कप्प्यात विचारल्याशिवाय हात घालू नये, हे कळायला काय वय लागतं? ते तर पहिलीतल्या पोरालाही सांगतात.

मला त्याचाही राग येतो आणि कधीकधी येत नाही. त्याचा आवाज फुटायलाय, ओठावर लव आलीय, कुणी बघितलं की मान फिरवतो. मित्राशी फोनवर बोलायचं असलं की भर उन्हात गच्चीवर जातो. टाकीच्या सावलीत बसून बोलतो. परवा मी म्हटलं, "खाली ये, ऊन लागेल." तर म्हणाला, "खाली कुठं बोलू? तू हायस ना." म्हणजे त्यालाही जागा नाहीये. हे घरात कुणाला दिसत नाही. त्यांना आम्ही दोघं नुसते भांडायलोत एवढंच दिसतं. "दोघं एका ताटात जेवायचात," म्हणे. जेवायचो. तेव्हा मी नऊची होते आणि तो सहाचा.

आजीचीच एक गोष्ट सांगते. त्यांच्या लग्नातली पत्र्याची पेटी आहे, तिला कोयंडा आहे आणि कोयंड्याला कुलूप आहे. किल्ली कायम कमरेला. आत काय आहे ते आजोबांनीही कधी विचारलं नाही, असं त्या स्वतः अभिमानानं सांगतात. मम्मीच्या लॉकरला कुलूप. पप्पांच्या टेबलाच्या खणाला कुलूप. दुचाकीच्या डिक्कीला कुलूप. घरात चार कुलपं आहेत आणि कुणाच्या मनात काही आलं नाही. पाचवं मी मागितलं, तर सगळ्यांचे चेहरे बदलले. "तुला काय लपवायचंय?"

रविवारी मी बाजारातून ९० रुपयांचं कुलूप आणलं, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून. माळ्यावरची जुनी, दीड फुटाची पत्र्याची पेटी खाली काढली, गंज घासला. बिजागरीला तेल सोडलं आणि दिवाणाखाली सरकवली. बरोबर बसते, वर चार बोटं जागा उरते. दोन टॉवेल, आतले कपडे, पॅड आणि एक वही. झालं. कुलूप लावलं.

आज दाराच्या भांडणानंतर मम्मी आत आली, वाकून पेटीकडे बघितलं आणि हात पुढे केला. "किल्ली दे इकडं."

दिली नाही. देणारही नाही.