दोन साइज मोठा कुर्ता: एका तक्रारीला आमच्या दुकानाचे उत्तर

"मार्चमध्ये चौथ्या महिन्यात तुमच्याच सांगण्यावरून दोन साइज मोठे कुर्ते घेतले, एक कॉटन आणि एक रेयॉन. आठव्यात पोटावर घट्ट आणि खांद्यावरून उतरलेले. रेयॉनचा तर पावसात दोन दोन दिवस वाळत नव्हता. आता बाळाला पाजतानाही उपयोग नाही. पैसे वाया गेले."

ताई, चूक आमच्या दुकानाची आहे आणि त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. साइज वाढवली की कुर्ता गळा, खांदा, बाही असा सगळीकडून वाढतो. गरोदरपणात मात्र छाती थोडी भरते, पोट पुढे येते आणि खांदे होते तेवढेच राहतात. आपल्याला एरवी ३८ चा कुर्ता बसतो. आम्ही ४२ चा दिला, त्यामुळे पोटाला अवघा चार इंच घेर वाढून मिळाला, जो शेवटच्या महिन्यांत पुरणे शक्यच नव्हते. पुढची कड मागच्यापेक्षा वर चढू लागली की घेर आणि लांबी दोन्ही कमी पडत आहेत हे ओळखावे.

खरे तर खांद्याचे माप धरून, छातीपुरता एकच साइज वाढवून, आपल्याला ४० चा कुर्ता द्यायला हवा होता: छातीच्या खाली जोड, त्याखाली भरपूर चुण्या, पुढची लांबी मागच्यापेक्षा दोनेक इंच जास्त, बाजूच्या शिवणीत इंचभर माया आणि मागे बांधायला बंद. पोट वाढेल तसे बंद सैल करायचे, बाळंतपणानंतर आवळायचे. चौथ्या महिन्यात घालून पाहताना पोटावर छोटी उशी बांधून खुर्चीत बसून पाहायला सांगायचे, तेही आम्ही सांगितले नाही. पोट बाळंतपणानंतर लगेच ओसरत नाही आणि छाती भरलेलीच राहते, त्यामुळे असा कुर्ता पुढेही कित्येक महिने अंगावर राहतो.

कॉटनचा कुर्ता सुधारता येईल, तो पाठवून द्यावा. खांदे आत घेऊन छातीखाली कापू, वरचा भाग ४० चा करू आणि उरलेले दोन इंच खाली चुण्यांत घालू. पाजण्यासाठी दोन्ही बाजूंच्या उभ्या शिवणीत आठ इंचांची लपलेली चेन बसवू. ती वरून खाली उघडणारी असेल, म्हणजे बाळ एका हातावर असताना दुसऱ्या हाताने उघडता येईल. आतून मऊ मलमलची पट्टी लावू, म्हणजे चेनचे दात बाळाच्या गालाला लागणार नाहीत.

रेयॉनला शिवणकामाचा इलाज नाही. ते कापड पाणी फार धरते, ओले झाले की जड होऊन लोंबते, आणि आपल्या रत्नागिरीच्या जुलैत ते वाळावे कसे? त्याचे पूर्ण पैसे परत करतो. त्याऐवजी कुर्ता हवा असेल तर पातळ कॉटनचा, आधी धुऊन आटवलेल्या कापडाचा, आपल्या मापाने शिवून देऊ. माप घ्यायला आमच्याकडची शिवणकाम करणारी बाई आपल्या सोयीच्या वेळी घरी येईल.