कपाचा गॅस, कापडाचं पाणी आणि एक फॉरवर्ड

«मैत्रिणींनो, फसू नका!! १) कप दरवर्षी बदलावा लागतो, कंपन्या हे लपवतात. २) कप उकळायला महिन्याला १०० रु. चा गॅस जातो. ३) कापडी पॅडचं पाणी-साबण धरलं तर ते विकतच्या पॅडपेक्षा महाग पडतं. ४) सरकारी पॅड १ रुपयात मिळतं, मग हा खटाटोप कशाला? ५) लग्न न झालेल्या मुलींनी कप वापरायचा नसतो. स्वतः हिशोब करा आणि शेअर करा.»

केला हिशोब. लालबागला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने हा मेसेज वाचून लेकीसाठी मागवलेला मासिक पाळीचा सिलिकॉनचा कप पाकीट न फोडता परत पाठवला, म्हणून बसून करावा लागला.

आधी गॅस, कारण हा आकडा लिहिणाऱ्या व्यक्तीने आयुष्यात चहा तरी ठेवला आहे का, असा प्रश्न पडतो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. किंमत ९०० रुपये धरली तर एक ग्रॅम गॅस सव्वासहा पैशांना पडतो. कप बुडेल एवढं म्हणजे अर्धा लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला सहा-सात ग्रॅम गॅस लागतो. मग बारीक आचेवर पाच मिनिटं ठेवलं तर आणखी आठएक ग्रॅम. एकूण पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक रुपयाच्याही आत. कप पाळीच्या आधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा उकळायचा, मधल्या दिवसांत नुसत्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचा. एका पाळीचा खर्च दोन रुपये. शंभर रुपयांचा गॅस म्हणजे दीड किलोहून जास्त, सिलिंडरचा नववा हिस्सा. एवढ्यात छोट्या कुटुंबाचा तीन-चार दिवसांचा स्वयंपाक होतो. मेसेजमधल्या बाईंनी कप उकळत ठेवून मालिका बघितली असेल तर गोष्ट वेगळी.

तसं खरंच होतं, आणि नुकसान तिथे होतं. पातेलं गॅसवर विसरलं, पाणी आटलं, कप तळाला चिकटून जळला, की चारशे रुपये गेले. वापरून खराब होण्याआधी जळून गेलेल्या कपांचे किस्से मी जास्त ऐकले आहेत. चहाची स्टीलची जुनी गाळणी यासाठी वेगळी ठेवावी, कप तिच्यात ठेवून पाण्यात सोडावा म्हणजे तो तळाला टेकत नाही, आणि मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावावा.

दरवर्षी बदलण्याचं उत्तरही इथेच. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा कप नीट वापरला तर बरीच वर्षं टिकतो. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये जगभरातल्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात कप दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो असं धरलं आहे. दर पाळीला बारा पॅड वापरणाऱ्या बाईच्या तुलनेत दहा वर्षांत कपाचा खरेदीखर्च साधारण पाच टक्के येतो, हा त्यांचा हिशोब. गळतीच्या बाबतीतही कप इतर साधनांइतकाच किंवा त्याहून बरा निघाला. बदलायची वेळ कॅलेंडर बघून ठरत नाही, कप हातात घेऊन ठरते. पृष्ठभाग चिकट लागायला लागला, पावडरीसारखा थर निघत नाही, कडेला चीर गेली, तर टाकून द्या. नुसता पिवळट पडला म्हणून टाकू नका, तो डाग आहे. आणि जंतुनाशक द्रवात बुडवून ठेवू नका, त्याने सिलिकॉन लवकर खराब होऊ शकतं आणि उरलेला अंश त्वचेला झोंबतो.

आता कापडी पॅड. इथे मला दात-ओठ खात कबूल करावं लागतंय की मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, फक्त कारण चुकीचं दिलंय.

उदाहरण म्हणून एक बाई धरू. पाळी पाच दिवसांची, सगळे मिळून पंधरा पॅड, वर्षाला तेरा पाळ्या. म्हणजे वर्षाला १९५ पॅड. ब्रँडेड मोठं पॅड सात रुपयांचं धरलं तर वर्षाला १,३६५ आणि सहा वर्षांत ८,१९० रुपये.

तीच बाई कापडी पॅडवर गेली तर सहा वर्षांत ११७० वेळा पॅड बदलणार. शिवलेलं चांगलं पॅड २५० रुपयांना मिळतं आणि ७५ धुणी नीट टिकतं असं धरू (काही जास्त टिकतात, पण मी कंजूष आकडा घेते). म्हणजे सोळा पॅड, चार हजार रुपये. साबण-पावडरीचे पाळीला वीस रुपये, हे खरं तर जास्तच झाले, पण धरू. ते सहा वर्षांत १,५६० होतात. एकूण ५,५६०. वाचले अडीच हजारांच्या वर, पाळीला तीस-पस्तीस रुपये. जाहिरातींत सांगतात तेवढी ही बचत नाही. आणि ही बाई आधी चार रुपयांचं साधं पॅड वापरत असेल तर तिचा सहा वर्षांचा खर्च ४,६८०च होता, म्हणजे विकतचं कापडी पॅड तिला तोट्यात नेणार. एवढं खरं.

पाण्याचा मात्र यात काही संबंध नाही. एका पॅडला पाच लिटर धरले तर पाळीला पंचाहत्तर लिटर. महापालिकेच्या घरगुती दराने हे रुपयाच्याही आत बसतं. टँकरवर जगणारी सोसायटी असेल, दहा हजार लिटरला तीन हजार मोजत असेल, तर पाळीला बावीस-तेवीस रुपये वाढतात आणि बचतीचा दोन तृतीयांश भाग खाऊन टाकतात. हा मुद्दा मेसेजमध्ये लिहिला असता तर मी गप्प बसले असते.

मुंबईत कापडी पॅडचा खर्च ठरवतो तो पाऊस. एका वेळी घरात किती पॅड लागतील, हे दिवसाला किती बदलता आणि एक सुकायला किती दिवस लागतात, यावर ठरतं. एप्रिलमध्ये खिडकीत ऊन असेल तर जाड पॅड दीड दिवसात सुकतं आणि दिवसाला चार या हिशोबाने सहा पॅडवर भागतं. जुलैमध्ये, चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांचे कपडे दोरीवर असताना, तेच पॅड सुकायला तीन दिवस घेतं. मग बारा लागतात. सहा घेऊन सुरुवात करणारी बाई जुलैत अडकते, ओलसर पॅड वापरते किंवा मेडिकलवर धावते, आणि मग कापडी पॅड जमत नाहीत असं सांगत फिरते. ओलसर पॅडने खाज सुटते, पुरळ येतं, तो खर्च वेगळाच.

सुरुवातीला बारा घेणं महाग वाटतं, पण ते वाया जात नाही. पॅड जास्त असली की प्रत्येक पॅडची धुणी कमी होतात आणि ती जास्त वर्षं पुरतात. एकूण सोळाच लागणार, बारा आधी घ्या, चार मागाहून. त्याहून शहाणपणाचं म्हणजे घडीचं पॅड घेणं, बाहेरचं पातळ कव्हर आणि आत वेगळी निघणारी सुती घडी. घडी उलगडून टाकली की एकेरी कापड पंख्याखालीही रात्रीतून सुकतं. शिवलेल्या जाड पॅडला ते कधीच जमत नाही. आधी गार पाण्यात भिजवायचं (गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो), कपडे मऊ करणारं द्रव वापरायचं नाही, नाहीतर कापड शोषत नाही. सुकल्यावरही कुबट वास राहिला किंवा काळे ठिपके दिसले तर ते पॅड बाद, कितीही नवं असलं तरी.

आणि आईच्या जुन्या सुती साडीच्या घड्या? त्यांना पैसे पडत नाहीत, फक्त साबण पडतो. आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या बायका त्यावरच निभावल्या. त्यांचा त्रास कापडाचा नव्हता, लपवून अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालण्याचा होता.

त्याच बाईचा कपाचा हिशोब आता लवकर होईल. कप चारशेचा. पहिला साइज चुकतो असं गृहीत धरून दुसरा चारशेचा, कारण वापरलेला कप कुणी परत घेत नाही. शिकेपर्यंतच्या पहिल्या दोन-तीन पाळ्यांत आधाराला पंचवीसएक पॅड. सहा वर्षांचा गॅस १५६ रुपये. सगळं मिळून साडेअकराशेच्या आत. सात रुपयांच्या पॅडचे एवढे पैसे दहा-अकरा पाळ्यांत संपतात. वर कप आठ ते बारा तास ठेवता येतो, म्हणजे विरारहून चर्चगेटला जाणारीला ऑफिसच्या बाथरूममध्ये तो काढून धुवायची वेळ बहुतेक दिवशी येतच नाही.

रुपयाच्या पॅडवर मी वाद घालणार नाही. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड २०१९ च्या ऑगस्टपासून एक रुपयाला मिळतं, आणि वरच्याच हिशोबाने सहा वर्षांचे ११७० रुपये होतात. कपाशी जवळपास बरोबरी. जवळ केंद्र असेल, माल असेल आणि पंधरा पॅड पुरत असतील तर पैशांच्या दृष्टीने कप घ्यायची गरज नाही. पॅड एका पाळीला वीस लागायला लागली की मात्र तराजू कपाकडे झुकतो.

पाचव्या मुद्द्याचा पैशांशी संबंधच नाही, तो घाबरवायला घातलाय. योनीपटल म्हणजे झाकण नव्हे, ते लवचीक असतं, प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि त्यावरून कुणाचं काहीच सिद्ध होत नाही. योनीपटलावरून लैंगिक संबंध ठरवू पाहणारी टू-फिंगर टेस्ट सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच चुकीची ठरवली. ज्यांना तांबी बसवलेली आहे त्यांनी मात्र कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कप काढताना तांबी सरकल्याच्या घटना लॅन्सेटच्या त्याच आढाव्यात नोंदल्या आहेत. कप ओढून काढायचा नसतो, आधी तळ चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवायची, मग तिरका करून काढायचा. हे एक वाक्य त्या मेसेजमध्ये असतं तर शेअर करायला हरकत नव्हती.