स्कोर 20 झाला म्हणून रिस्क इश्यू होत नाही

"रिस्क रजिस्टर आणि इश्यू लॉग म्हणजे अडचणींच्याच दोन याद्या. एकच शीट ठेवा. स्कोर 20 झाला की रिस्कला इश्यू म्हणा आणि जुनी ओळ उडवा."

एकाच फाइलमध्ये दोन टॅब ठेवायला हरकत नाही, पण यादी एकच करू नका. रिस्कच्या ओळीत शक्यता, परिणाम आणि ट्रिगर असतो. इश्यूच्या ओळीत शक्यतेचा रकानाच नसतो, कारण ती गोष्ट घडलेली असते. तिथे कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, एवढंच लागतं.

पैशातही फरक पडतो. समजा, एका इमारतीच्या कामाला 15 जूनला 630 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर साइटवर हवा आहे. 25 दिवस उशीर झाला, तर भाड्याच्या जनरेटरला डिझेलसकट रोज 16,000, म्हणजे 4 लाख लागतील. शक्यता 30 टक्के, म्हणून राखीव निधीत 1,20,000 धरले. उशीर नक्की झाला की खर्च पूर्ण 4 लाखांचा. उरलेल्या 2,80,000 ची मंजुरी त्याच दिवशी मागावी लागते.

आता स्कोरचं. पाचच्या पट्टीवर एखाद्या रिस्कची शक्यता 4 आणि परिणाम 5 धरला की गुणाकार 20 होतो, पण ती रिस्कच राहते. स्कोर सांगतो आधी कशाकडे बघायचं. घडलं की नाही, हे तो सांगत नाही. ट्रिगरचंही तसंच. '20 एप्रिलपर्यंत कारखान्यातल्या टेस्टची तारीख मिळाली नाही' हा ट्रिगर लागला, तर जनरेटरवाल्याकडे बुकिंग करायचं, इतकंच. पुरवठादार अजूनही वेळेत माल देऊ शकतो.

12 मे रोजी त्याचा मेल येतो: माल 10 जुलैला पोचेल. इश्यूची तारीख 12 मे. बरेच जण इथेच चुकतात. साइटवर अजून काही अडलेलं नाही म्हणून ते 15 जूनपर्यंत थांबतात आणि हातातले 34 दिवस घालवतात. आम्ही एकच प्रश्न विचारतो: आहे तसं चालू ठेवलं, तर 15 जून गाठण्याची काही शक्यता उरली आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर आजच लॉगमध्ये नोंद करा.

आणि जुनी ओळ कृपा करून उडवू नका. ट्रान्सफॉर्मरची रिस्क R-12 आणि तिचा इश्यू I-07 असेल, तर R-12 च्या स्टेटसमध्ये 'घडली, 12 मे, I-07 पाहा' लिहा आणि I-07 मध्ये R-12 चा नंबर टाका. ओळच गेली, तर 30 टक्क्यांचा अंदाज कशावरून बांधला होता, हे पुढे तपासता येत नाही. पावसासारखी पुन्हा घडू शकणारी रिस्क तर उघडीच ठेवावी लागते. इथेही 10 जुलै पुन्हा पुढे ढकलली जाऊ शकते. ती नवी रिस्क, R-19, तिचा ट्रिगरही नवा: 25 जूनपर्यंत टेस्ट रिपोर्ट आला नाही तर.